आत्याचा अंगठा

गणपतीत दादरला आत्याकडे गेले होते. आरती झाली, मोदक संपले, मंडळी पांगली आणि आत्या बाल्कनीच्या दाराशी खुर्ची ओढून फोन घेऊन बसली. भाच्याने सकाळीच फॅमिली ग्रुपवर शुभेच्छांचा व्हिडिओ टाकला होता, ढोल-ताशा, वरून पडणाऱ्या झेंडूच्या पाकळ्या, सोनेरी चकाकी आणि त्यात घरातल्यांचे फोटो सटासट. आत्या व्हिडिओ लावायची, अंगठा स्क्रीनवर अधांतरी धरून ठेवायची आणि एका ठिकाणी पटकन दाबायची. तोवर पुढचा फोटो आलेला असायचा. मग परत पहिल्यापासून. मला आधी कळेना ही काय करतेय, मग लक्षात आलं, तिला काकांना थांबवायचं होतं. काका म्हणजे आत्याचे यजमान, त्यांना जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. "अगं, फास्ट लोकलमधून मधली स्टेशनं दिसतात तसं चाललंय हे, नाव वाचेपर्यंत गेलं," ती म्हणाली. शेवटी एकदाचे काका सापडले, तर नेमकी एक पाकळी नाकावर. त्याच्या पुढचा फोटो आत्याचाच होता, अंडाकृती फ्रेममध्ये, मागे फिकट उजेड, वरून फुलं. तो तिने नीट थांबवला, चष्मा वर करून बघितला आणि म्हणाली, "मला आत्ताच हार घातला का रे याने?"

ती हसली, मीही हसले, पण घरी येईपर्यंत तो अधांतरी धरलेला अंगठा डोक्यातून जाईना.

भाच्याला बोल लावण्यात अर्थ नाही, पोराने हौसेने केलं होतं. मी त्याच्याकडून ते टेम्प्लेट मागून घेतलं आणि उघडून बघितलं. वीस सेकंदांत पंधरा फोटो. म्हणजे एकाला सव्वा सेकंदाच्या जरा वर, आणि त्यातलाही थोडा वेळ येताना फिरत येण्यात आणि जाताना विरघळून जाण्यात जातो, नुसता स्वच्छ फोटो दिसतो तो एक सेकंदही नाही. कॉलेजच्या मुलांच्या गोव्याच्या ट्रिपला हे बरोबर आहे, कारण बघणारे सगळे तिथे होते, चेहरे पाठ आहेत, नुसती झलक पुरते. पण मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेली अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई जुना ग्रुप फोटो कसा बघते ते मी अल्बम दाखवताना बघितलंय. आधी ती घर ओळखते. मग साड्या. "ही माझी पैठणी ना?" मग माणसं, एकेक करून, बोट ठेवत, आणि शेवटी जो फोटोत नाही त्याच्याबद्दल विचारते. एवढं सगळं सेकंदात कसं बसणार.

तर दिवाळीचा व्हिडिओ मी करते असं ग्रुपवर जाहीर करून टाकलं. लगेच अंगठे आले, आणि मागोमाग फोटोही यायला लागले, तोच खरा धोका. ज्याने त्याने आपले आठ-दहा पाठवले तर परत तेच सटासट होणार. म्हणून मी उलटं केलं, आधी वेळ ठरवला आणि मग फोटो. पाऊण मिनिटाच्या पुढे कोणी बघत नाही, निदान आमच्याकडे नाही, पुरुष मंडळी तर नाहीच नाही. पंचेचाळीस सेकंदांत आठ फोटो बसवायचे ठरवले. आमची घरं चार, दादर, डोंबिवली, वसई आणि पुण्याचे. कागदावर चार रकाने केले आणि प्रत्येक फोटोत कुठल्या घरातलं कोण दिसतंय त्याच्या खुणा केल्या, मतदानाच्या दिवशी पोलिंग एजंट करतात तितक्या गंभीरपणे. हसू नका. एक जाऊ तीनदा दिसली आणि दुसरी एकदाही नाही तर ते कोणी ग्रुपवर बोलत नाही, पण पुढच्या लग्नात कोपऱ्यात घेऊन बोलतात.

जुने फोटो सगळे आत्याच्या कपाटातल्या अल्बममध्ये, ते चिकट पानांचे आणि वर प्लास्टिकचा पापुद्रा असलेले अल्बम. काही फोटो पानाला इतके चिकटलेत की ओढले तर फाटतील, ते तसेच पानावर ठेवून मोबाइलने काढायचे. इथे सगळा खेळ उजेडाचा आहे. ट्यूबलाइट बंद करायची, कारण ती प्लास्टिकवर पांढरी पट्टी होऊन नेमकी कोणाच्या तरी तोंडावरून जाते. फ्लॅश अर्थातच बंद. अल्बम खिडकीशी, पण थेट उन्हात नाही, उजेड एका बाजूने तिरका आला पाहिजे. मोबाइल पानाला समांतर धरायचा, नाहीतर फोटोची एक बाजू रुंद आणि एक अरुंद येते, आणि अगदी जवळ जाण्यापेक्षा थोडं वरून दुप्पट झूम करून काढलेला बरा, कडा वाकत नाहीत. एवढं करूनही प्लास्टिकमध्ये माझाच हात आणि मोबाइल दिसत होता, तर आत्याने काळी शाल आणली आणि माझ्या डोक्यामागे दोन्ही हातांनी ताणून उभी राहिली. प्रतिबिंब गेलं. मग ती तशीच उभी राहून पानं उलटायला सांगत होती, "पुढे जा, पुढे, तो भाऊबीजेचा असेल बघ."

तो भाऊबीजेचा फोटो म्हणजे आमच्या घरातला एकमेव असा, ज्यात सगळे आहेत. दादरच्या जुन्या खोलीत काढलेला, चौदा माणसं, पुढे मुलं मांडी घालून, मागे बायका, कडेला दोन जावई अर्धवट दाराबाहेर. काका मध्ये, हातात चकली. हा फोटो टेम्प्लेटमध्ये टाकल्याबरोबर काय झालं ते बघण्यासारखं होतं. टेम्प्लेट उभं, मोबाइलभर, आणि फोटो आडवा. ॲपने आपणहून तो मोठा करून चौकट भरून टाकली आणि दोन्ही बाजूंची माणसं उडाली. चौदातली पाच उरली. शिवाय वर हळूहळू पुढे जाणारा झूम, तोही भरपूर, म्हणजे शेवटी पाचातलीही दोन बाहेर. कडेला कोण उभं असतं हे कुठल्याही घरच्या फोटोत बघा, नव्या सुना, जावई आणि जे उशिरा आले ते. तेच कापले जातात.

म्हणून टेम्प्लेटचा उभा आकार सोडून दिला आणि चौकोनी घेतला, एक हजार ऐंशी बाय एक हजार ऐंशी. जुने फोटो बहुतेक चार बाय सहा इंचांचे. रुंदी पूर्ण भरली की उंची होते सातशे वीस, खाली तीनशे साठची पट्टी मोकळी राहते. त्या पट्टीत नावं लिहायची. कोणी कापलं जात नाही, आणि पुण्याच्या नव्या सुनेला कोण कुठली आत्या तेही कळतं. झूम मी पाच टक्क्यांवर आणला, त्यात दोन्ही कडांचे मिळून चोपन्नच पिक्सेल जातात, फोटो जिवंत वाटतो आणि कडेच्या माणसाचा फार तर खांदा जातो. भाऊबीजेच्या फोटोला तर झूमच दिला नाही. तो तीनदा वापरला. आधी डावा अर्धा, मग उजवा अर्धा, मग अख्खा. अर्ध्यामध्ये चेहरे ओळखण्याएवढे मोठे होतात आणि अख्ख्यामध्ये सगळे एकत्र दिसतात. मोठे केलेले अर्धे थोडे धूसर होतात, पण हातभर लांब धरलेल्या मोबाइलवर चालून जातं.

आता यात एक अडचण होती. उजव्या अर्ध्यात वसईच्या ताईचा तेव्हाचा नवरा आहे. तेव्हाचा म्हणजे आता नाही. फोटो काढला तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं, दोघं हसतायत, त्याचा हात तिच्या खांद्यावर. कापावं तर तिचाही खांदा जातो आणि कापलंय हे कळतं, त्या रिकामपणाकडेच डोळा जातो. न कापावं तर दिवाळीच्या दिवशी सकाळी सकाळी तिच्या मोबाइलवर तो. दोन दिवस मी तो फोटो बाजूला ठेवून दुसरीकडे काम करत बसले, शेवटी तिला फोन केला. ती काहीतरी तळत होती, मागे कढईचा आवाज येत होता. म्हणाली, "राहू दे गं, होता ना तेव्हा. पण झूम नको करूस."

उजवा अर्धा मग जरा आत सरकवून घेतला.

संगीताचं म्हणाल तर टेम्प्लेटसोबत येतं ते नको होतं, ते दरवर्षी प्रत्येक सोसायटीच्या, बँकेच्या आणि नगरसेवकाच्या शुभेच्छांना असतंच. आणि कोणाचं तरी सिनेमातलं गाणं लावलं तर ग्रुपपुरतं कोणी विचारत नाही, पण हेच कोणी उचलून यूट्यूबवर टाकलं की हक्काची नोटीस येते नाहीतर आवाज बंद होतो. आमच्याकडे दादा तबला वाजवतो आणि डोंबिवलीची काकू पेटी. त्यांना म्हटलं मिनिटभर काहीतरी वाजवा. दादाने दादरा धरला. दादऱ्याच्या सहा मात्रा, मिनिटाला एकशेवीसच्या लयीत धरल्या तर एक आवर्तन बरोबर तीन सेकंदांचं. हे कळल्यावर मला जो आनंद झाला तो कोणाला सांगून पटत नाही! एकट्यादुकट्याच्या पाच फोटोंना एकेक आवर्तन, दोन मध्यम ग्रुपना दोन-दोन, भाऊबीजेच्या फोटोला तीन, सुरुवातीच्या पाटीला एक, शेवटच्या शुभेच्छांना दोन. तीन, पंधरा, बारा, नऊ, सहा. पंचेचाळीस. फोटो समेवर बदलतो, त्यामुळे वेळ जास्त देऊनही रेंगाळल्यासारखं वाटत नाही. फक्त एक झालं, दादा माणूस आहे, मशीन नाही, त्याची लय हळूहळू चढली आणि विसाव्या सेकंदानंतर तीन-तीन सेकंद मोजून कापलं तर फोटो समेच्या नंतर बदलायला लागले, ते बघताना अडखळल्यासारखं होतं. मग सेकंद मोजायचे सोडले आणि आवाजाची जी नक्षी खाली दिसते ना, त्यात समेचा ठोका उंच सुळक्यासारखा दिसतो, तिथे बोटाने फोटोची कड आणून लावली. ठाणा ते सीएसएमटी, बसायला मिळालं त्या दिवशी, हेडफोन लावून. शेजारच्या बाई मान वळवून भाऊबीजेचा फोटो बघत होत्या, घाटकोपरला विचारलं, "गावचं घर का?"

अक्षरांनी मात्र घाम फोडला. टेम्प्लेटमध्ये शुभेच्छा एकेक अक्षर टाइप होत येतात, इंग्रजीत ते छान दिसतं. मराठीत लिहिलं 'हार्दिक' तर आधी 'हा' आला, मग अख्खा 'र', मग त्या 'र'चा पाय मोडला, मग 'द' आल्यावर तोच 'र' उडी मारून त्याच्या डोक्यावर बसला, आणि त्यानंतर वेलांटी मागे जाऊन 'द'च्या आधी उभी राहिली. 'शुभेच्छा'मध्ये 'च' आणि 'छ' वेगवेगळे येऊन एकमेकांना चिकटले. ॲप बिचारं टाइप केलेला एकेक तुकडा मोजतं, आणि आपली जोडाक्षरं अनेक तुकडे मिळून एक होतात. उपाय सोपा आहे, अक्षराऐवजी शब्द किंवा ओळ एकदम येऊ द्यायची. दुसरं, 'साऱ्यांना' लिहिलं की त्यातला तो अर्धा आडवा 'र' नीट येतो का ते बघायचं. फॉन्ट किंवा ॲप कच्चं असेल तर 'सार्यांना' असा रफार चढतो नाहीतर मधेच पाय मोडलेला 'र' दिसतो, आणि निवृत्त शिक्षक असलेले पुण्याचे काका फोटो सोडून तेवढंच बघतात. मी नावांना 'मुक्ता' वापरला, तो आणि 'बलू' हे दोन्ही आपल्या मुंबईतल्याच 'एक टाइप' या मंडळींनी केलेले, फुकट मिळतात आणि बारीक असले तरी वाचता येतात. पहिल्या पाटीला 'यात्रा वन' घेतला. तो लोकलच्या स्टेशनांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून बेतलेला फॉन्ट आहे, हे मला नंतर कळलं, पण लावल्याबरोबर 'शुभ दीपावली' ओळखीची वाटली ती त्यामुळेच असणार.

पाकळ्या काढून टाकल्या. एक तर आत्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. गोल फ्रेम, फिकट केलेला फोटो, हळू झूम आणि वरून झेंडू, हे चौकाचौकातल्या भावपूर्ण श्रद्धांजलीच्या फ्लेक्सचंच रूप झालंय, जिवंत माणूसही त्यात बसवला की मनात तारीख शोधायला लागतो. ब्लॅक अँड व्हाइट केलं की संपलंच. दुसरं कारण तांत्रिक आहे आणि ते मला ट्रायल पाठवल्यावरच दिसलं. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ जाताना तो दाबून लहान केला जातो, ठरावीक जागेत बसवायचा तर जे हलत नाही ते कमी जागेत मावतं आणि जे प्रत्येक क्षणी बदलतं त्याला जास्त जागा लागते. चकाकी आणि पाकळ्या म्हणजे शेकडो बारीक गोष्टी सतत बदलणाऱ्या. सगळी जागा त्या खातात आणि चेहऱ्यांच्या वाट्याला उरत नाही, गालांवर चौकोन चौकोन दिसायला लागतात. मी एकच तुकडा दोन्ही प्रकारे करून स्वतःच्याच नंबरवर पाठवून बघितला, चकाकीवाल्यात काकांच्या चष्म्याची काडी गायब, साध्यात दिसते. मग चकाकी फक्त पहिल्या पाटीवर ठेवली, तिथे कोणाचा चेहरा नाही. मुलांना तेवढी तरी हवीच असते.

काकांना कुठे ठेवायचं यावर मी जितका वेळ घालवला तितका बाकी कशावरच नाही. मागच्या दिवाळीत आत्याकडे कंदील नव्हता, फराळ आम्हीच नेऊन दिला होता. यंदा कंदील लागणार होता. सगळ्यात शेवटी काकांचा एकट्याचा फोटो ठेवावा असं आधी वाटलं, दादानेही तेच सुचवलं. पण शेवटी एकटा ठेवला की व्हिडिओ त्यांच्यावरच येऊन थांबतो आणि मग शुभेच्छा कसल्या. वगळलं तर आत्याचा अंगठा परत अधांतरी. शेवटी ते भाऊबीजेच्या फोटोतच ठेवले, मध्ये, चकली हातात. डाव्या अर्ध्यात एकदा येतात, अख्ख्यात पुन्हा एकदा, मिळून सहा सेकंद. नावांच्या पट्टीत फक्त 'काका'. कैलासवासी नाही, काही नाही. बरोबर केलं की नाही माहीत नाही. वसईच्या ताईला एवढं विचारलं, आणि आत्याला विचारायचा धीर मात्र झाला नाही, हे लिहिताना जाणवतंय.

पाठवतानाच्या दोन गोष्टी राहिल्या. ग्रुपमध्ये व्हिडिओ न उघडता जे चित्र दिसतं ते बहुधा अगदी पहिल्या क्षणाचं, आणि काळोखातून उजळत जाणारी सुरुवात असेल तर दिसतो नुसता काळा चौकोन. म्हणून पहिली पाटी उजळत आणली नाही, पहिल्या क्षणापासून पूर्ण उजेडात ठेवली. आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर अजिबात दाबला जात नाही, जसाच्या तसा जातो, पण तो फाइल म्हणून दिसतो आणि आमच्या अर्ध्या ज्येष्ठांना फाइल दिसली की ऑफिसचं काहीतरी वाटतं. तेव्हा ग्रुपवर एचडी करून व्हिडिओ, आणि आत्याच्या मुलीला वेगळा डॉक्युमेंट, टीव्हीवर लावायला.

नरक चतुर्दशीला पहाटे टाकला. अंघोळी, फटाके, फराळ यात तासभर शांतता, मग एकदम हात जोडलेले आणि पणत्या. काकूने लिहिलं पेटी ऐकू येत नाही, नुसता तबला आहे, त्यावर दादाने हसणारा चेहरा टाकला, त्यावर काकूने काहीच टाकलं नाही. आत्याचं उत्तर दुपारी आलं, व्हॉइस मेसेज. व्हिडिओबद्दल त्यात एक अवाक्षर नव्हतं. "त्या फोटोत मागे फ्रिज दिसतोय ना, तो गोदरेजचा. तो यांनी बोनसवर घेतला होता. म्हणजे फोटो २००३ चा नाही, २००४ चा आहे, बदल ते." पट्टीत २००३ लिहायला मला पुण्याच्या काकांनी सांगितलं होतं. ते लगेच टाइप करायला लागले आणि बराच वेळ 'टाइपिंग' दिसत राहिलं. फ्रिज दसऱ्याला घेतला, दिवाळीला नाही, आणि बोनस त्या वर्षी उशिरा झाला होता. डोंबिवलीहून कोणीतरी लिहिलं की फोटोत धाकटा कडेवर आहे आणि तो जन्मला जानेवारी २००४ मध्ये, मग २००३ ची भाऊबीज कशी असेल. वसईच्या ताईने लिहिलं, माझं लग्न फेब्रुवारी २००४, बसा आता. चार फराळांच्या ताटांचे फोटो मध्ये येऊन गेले तरी हे चालूच होतं. पुण्याच्या काकांनी शेवटी मान्य केलं, पण बिल सापडल्याशिवाय लेखी काही बदलू नये असं त्यांचं म्हणणं आहे, आणि आत्या आता बिल शोधतेय.